डब्याचे पैसे आठवड्याचे की महिन्याचे?

महिन्याचे पैसे आगाऊ भरले की डबा स्वस्त पडतो, पण न खाल्लेले डबे ती सूट गिळतात.

१. १२० रुपयांचे २६ डबे म्हणजे ३,१२० रुपये. १० टक्के सूट ३१२ रुपयांची, म्हणजे जेमतेम अडीच डब्यांची.

२. तीन डबे चुकणार असतील तर महिन्याचा फायदा संपला. चवथीला गावच्या घरी जाणाऱ्यांनी त्या महिन्यात आठवड्याचेच पैसे भरावेत आणि तो आठवडा सोडावा.

३. आधी कळवलेले खाडे पुढच्या महिन्यात धरायला डबेवाली ताई तयार असेल, तर ५ टक्के सूटही मला पुरेशी वाटते. खाड्यांचा भार तीच उचलते.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. मासळीचा डबा असेल तर त्या दिवसांत काय मिळणार, ते पैसे देण्याआधी विचारा.