गणिताचा प्रश्न फोटोशिवाय कसा टाइप करावा: अपूर्णांक, घात, वर्गमूळ आणि इंटिग्रल

धारणी किंवा एटापल्लीकडच्या गावात बारावीचा पोरगा रात्री अडलेल्या गणिताचा फोटो काढतो आणि खाली लिहितो, "सर, एवढं पाहून द्या न जी." मजकूर पोहोचतो, फोटोवर गोल फिरत राहतं. उघडला तरी वहीच्या घडीत नेमकी लिमिट गेलेली असते. गणित अक्षरांत टाइप केलेलं असेल तर एकाच दांडीच्या रेंजवरही ते जातं. मात्र टाइप करताना गणित बदलता कामा नये, आणि ते बदलतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, अपूर्णांकात. त्यामुळे बाकीचं थोडक्यात आटोपतो आणि अपूर्णांकावर नीट थांबतो.

कीबोर्ड इंग्रजीवर घ्या. आकडे 2, 3, 5 असेच हवेत, कारण देवनागरी आकडे बहुतेक कॅल्क्युलेटरना कळत नाहीत आणि आपल्याला शेवटी कॅल्क्युलेटर लागणार आहे. गुणाकाराला `*` वापरा. `x` हे अक्षर चलासाठी राखून ठेवा. घाताचं `^` चिन्ह फोनच्या कीबोर्डवर चिन्हांच्या दुसऱ्या पानावर सापडतं. आपोआप स्पेलिंग सुधारणं बंद करा, नाहीतर `sqrt` चा भलताच इंग्रजी शब्द होतो.

घातासाठी नियम एकच. घातात एकापेक्षा जास्त चिन्हं असतील तर त्याला कंस द्या. `x^2` ठीक आहे. पण `e^2x` लिहिलं की वाचणारा e चा वर्ग करून त्याला x ने गुणेल. तुम्हाला हवं होतं `e^(2x)`. `x^1/2` म्हणजे x भागिले 2. x = 9 घेतलं तर ते येतं 4.5, आणि वर्गमूळ तर 3 आहे. म्हणून `x^(1/2)`. ऋण संख्येचा वर्ग `(-3)^2` असाच लिहा. कंसाशिवाय `-3^2` ला गणिताचं पुस्तक -9 म्हणतं आणि एक्सेल 9 म्हणतं.

"वर्डमध्ये घात वर चढवून टाइप करा आणि तिथून कॉपी करा" हा सल्ला ऐकू नका. वर चढलेला आकडा ही नुसती सजावट असते. पेस्ट करताना सजावट गळते आणि आकडा खाली येऊन बसतो. 2 चा दहावा घात `210` होतो. 10 चा उणे तिसरा घात `10-3` होतो, म्हणजे चक्क 7. पीडीएफमधून कॉपी केलेल्या प्रश्नातही हेच होतं, म्हणून तिथून आणलेल्या ओळीतला प्रत्येक घात पुस्तकाशी ताडून पाहा. `½` हे तयार चिन्हही टाळा. `1½` काही ठिकाणी उलगडून `11/2` होतं, आणि ते साडेपाच झालं. सरळ `3/2` लिहा.

वर्गमूळ `sqrt( )`, घनमूळ `( )^(1/3)`. नुसतं `√` चिन्ह टाकू नका. छापील मुळाच्या डोक्यावर आडवी रेघ असते आणि मूळ कुठपर्यंत लागू आहे ते ती रेघ सांगते. टाइप केलेल्या `√7-x` मध्ये ती रेघ नसते, त्यामुळे x मुळाच्या आत आहे की बाहेर ते कोणालाच कळत नाही.

आता अपूर्णांक.

छापील अपूर्णांकातली आडवी रेघ दोन कामं करते. ती भागाकार दाखवते, आणि वरचं सगळं एक, खालचं सगळं एक, असं बांधूनही ठेवते. आपण तिच्या जागी `/` टाकतो तेव्हा भागाकार राहतो, पण बांधणी सुटते. तिरप्या रेघेला फक्त डावीकडचा आणि उजवीकडचा लगतचा शेजारी दिसतो. सुटलेली बांधणी कंसानेच परत आणावी लागते. दुसरा इलाज नाही.

बारावीत हमखास येणारं एक गणित घेऊ. लिमिट 2 ते 5. अंशात x चं वर्गमूळ. छेदात x चं वर्गमूळ अधिक (7 वजा x) चं वर्गमूळ. पोरं ते असं पाठवतात:

```
∫ √x/√x+√7-x dx 2 5
```

ही ओळ नियमाने वाचली तर √x भागिले √x म्हणजे 1, त्यात √7 मिळवा, त्यातून x वजा करा. 2 ते 5 इंटिग्रेट केलं की उत्तर येतं 3√7 - 7.5, म्हणजे जवळपास 0.437. खऱ्या गणिताचं उत्तर आहे 3/2. फसवणूक अशी की चुकीचं गणितही व्यवस्थित सुटतं. सर रीतसर सोडवून पाठवतात, पोरगा म्हणतो पुस्तकातलं उत्तर चुकलं, आणि दोघांचाही तास जातो.

म्हणून डावीकडून उजवीकडे वाचत टाइप करू नका. बाहेरून आत जा. प्रश्नातली सगळ्यात लांब आडवी रेघ शोधा आणि तिच्यासाठी आधी रिकामे कंस मांडा. मग अंश भरा, मग छेद. आत मूळ आलं की त्याचेही रिकामे कंस आधी टाका आणि मगच आतला मजकूर लिहा:

```
( )/( )
(sqrt( ))/( )
(sqrt(x))/(sqrt( ) + sqrt( ))
(sqrt(x))/(sqrt(x) + sqrt(7 - x))
```

अंशात एकच गोष्ट असेल तर त्याचा बाहेरचा कंस काढला तरी चालतं. छेदात एकापेक्षा जास्त चिन्हं असतील तर त्याचा कंस मात्र काढायचा नाही, कितीही साधा वाटला तरी. `1/2x` चंच पाहा. कोणी ते 1 भागिले (2x) वाचतो, कोणी अर्धा गुणिले x. x = 3 ला एकाचं उत्तर 1/6 येतं, दुसऱ्याचं 3/2. कॅल्क्युलेटरांचंही यावर एकमत नाही. `6/2(1+2)` ला काही मॉडेल 1 दाखवतात, काही 9. "BODMAS लावा, कळेल" असं म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. आपल्याला वाद जिंकायचा नाही, प्रश्न पोहोचवायचा आहे. `1/(2x)` किंवा `(1/2)*x`, जे हवं ते स्पष्ट लिहा.

काही जण तीन ओळींत अपूर्णांक रचतात. वर अंश, मध्ये डॅशांची रेघ, खाली छेद. स्वतःच्या स्क्रीनवर ते झकास दिसतं. समोरच्याच्या फोनवर अक्षरांची रुंदी वेगळी असते, रचना सरकते, आणि शेजारी दुसरा अपूर्णांक असेल तर कोणाचा छेद कोणाखाली गेला ते ओळखू येत नाही. हे करू नका.

कंस किती उघडले आणि किती मिटले ते मोजा, पण त्या मोजणीवर विसंबू नका. अंशाचा बाहेरचा कंस काढला की आपल्या ओळीत चार उघडतात, चार मिटतात. या ओळीतही चार आणि चारच आहेत:

```
sqrt(x)/(sqrt(x)) + sqrt(7 - x)
```

एक कंस आधीच मिटला आणि छेदाचा अर्धा भाग बाहेर पडला. मोजणीत ते सापडत नाही, किमतीत सापडतं. x ला 3 द्या. पुस्तकातला अपूर्णांक कागदावर काढा: 1.732 भागिले 3.732, म्हणजे 0.464. आता टाइप केलेली ओळ x च्या जागी 3 घालून फोनच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरमध्ये जशीच्या तशी टाका. बरोबर ओळ 0.464 दाखवेल. वरची चुकलेली ओळ 3 दाखवेल. सुरुवातीची बिनकंसाची ओळ 0.646 दाखवेल, आणि घाईत पाहिलं तर 0.464 च वाटेल, म्हणून अंक एकेक करून जुळवा. चाचणीसाठी 0, 1 किंवा 2 घेऊ नका. 1 चा कुठलाही घात 1 च येतो आणि 2 चा वर्ग व दुप्पट सारखीच, त्यामुळे चूक झाकली जाते.

अंश-छेद फारच लांब असतील तर एका ओळीत कोंबण्याचा हट्ट सोडा. `N/D` लिहा, खालच्या ओळीत `N = ...`, त्याखाली `D = ...`. वाचणाऱ्याला हे सगळ्यात सोपं जातं.

अपूर्णांक नीट बसला की इंटिग्रल म्हणजे नुसतं वेष्टण. चिन्ह नको, शब्द लिहा. लिमिट कोणत्या चलाची ते सांगा, आतलं सगळं चौकटी कंसात घाला आणि `dx` बाहेर ठेवा:

```
integral, x = 2 to 5: [sqrt(x)/(sqrt(x) + sqrt(7 - x))] dx
```

लिमिट नसेल तर `integral of [ ... ] dx`. `dx` गाळू नका. प्रश्नात a, t अशी आणखी अक्षरं असली तर कशाच्या संदर्भात इंटिग्रेट करायचं ते फक्त `dx` सांगतं. त्रिकोणमितीत `sin^2 x` ऐवजी `(sin(x))^2` लिहा. `sin^-1 x` ऐवजी `arcsin(x)` लिहा, नाहीतर कोणी 1/sin(x) समजेल. आणि `sin 2x` ला `sin(2x)`.

व्हॉट्सॲपवर एक धोका आहे. दोन ताऱ्यांमधला मजकूर ते ठळक करतं आणि तारे गिळतं, म्हणजे गुणाकाराची चिन्हं गायब. दोन अंडरस्कोअरचीही तीच गत होते. म्हणून गणिताच्या ओळीच्या आधी आणि नंतर ` हे चिन्ह, म्हणजे बॅकटिक, तीन-तीनदा टाका, मग आतल्या चिन्हांना हात लागत नाही. पाठवल्यावर स्वतःचा मेसेज एकदा वाचून पाहा.

नेट पूर्ण गेलं असेल तर हीच ओळ साध्या एसएमएसने जाते, पण ती निव्वळ इंग्रजी अक्षरांत हवी. तशा एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात. `√`, `²` किंवा देवनागरीचं एक जरी अक्षर आत आलं तरी मर्यादा 70 वर येते. `[`, `]` आणि `^` दोन-दोन अक्षरांची जागा खातात. वरची इंटिग्रलची ओळ हे धरूनही साठ अक्षरांत बसते. उरलेल्या शंभरात प्रकरणाचं नाव, प्रश्न क्रमांक आणि पुस्तकातलं उत्तर घाला: `Ans 3/2`. उत्तर सोबत असलं की ओळ चुकीची गेली तरी सरांना ते सोडवतानाच कळतं.