जुना ढीग उकरण्याआधी: चाळलेली माती कुठे जाणार ते ठरवा

यंदा आणखी एका पंचायतीचा जुना कचरा काढायचं काम हाती येतंय. यादी करायला बसलो आणि पहिल्या ओळीत लिहिलं: चाळणीखालची माती कुठे जाणार? पोकलेन, ट्रॉमेल म्हणजे फिरत्या पिंपासारखी यांत्रिक चाळणी, माणसं, पाण्याचा टँकर, सगळं त्याच्या खाली. गेल्या वर्षी उत्तर गोव्यात उतारावरच्या एका ढिगावर मी देखरेखीला होतो, तेव्हा नेमकं हेच कागदावर घ्यायचं राहिलं. त्याची किंमत खालच्या शेतकऱ्यांनी मोजली. म्हणून हे लिहितोय.

तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात प्लास्टिक होतं. प्लास्टिक कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्याकडे जाळायला जाणार, त्यांचं पत्र आहे का, गाठोडी कोण बांधणार, ट्रक कुठून, अशीच चर्चा बैठकीत व्हायची. मातीचं काय असं कोणी विचारलं की उत्तर तयार असायचं: माती आहे, भरावाला कोणीही नेईल. जवळच एक बंद पडलेली चिरेखण होती. तिच्या मालकाने तोंडी हो म्हटलं आणि मी ते ठरलं असं धरून चाललो.

आता आकडे बघा. ढीग मोजला तेव्हा सुमारे ६,००० घनमीटर भरला. एक घनमीटरचा खड्डा काढून माल काट्यावर घातला, तो टनाच्या आसपास आला. म्हणजे ६,००० टन. त्यातला निम्मा माल चाळणीखाली जाणारी माती, म्हणजे ३,००० टन. टिप्परमध्ये १० टन धरले तर ३०० खेपा. प्लास्टिक, कापड, रबर मिळून याच्या निम्मंही नव्हतं. ज्याची चर्चा होत होती तो माल थोडा, ज्याचा विचारच नव्हता तो सगळ्यात जास्त. जुन्या ढिगांत बहुतेक वेळा असंच निघतं, कारण ओला कचरा कुजून बारीक झालेला असतो आणि त्यात रस्त्याची झाडलोट, वर टाकलेली माती, राख, सगळं मिसळलेलं असतं.

शिमगा झाल्यावर उकरायला घेतलं, एप्रिलच्या मध्याला ट्रॉमेल सुरू केला. दिवसाला १५० टन माल चाळायचा, त्यातून ७५ टन माती पडायची. पहिले पाच दिवस टिप्पर चिरेखणीकडे गेले, साधारण चाळीस खेपा. सहाव्या दिवशी गावकऱ्यांनी अडवले. त्यांचं चुकलं नव्हतं. मातीत प्लास्टिकच्या चकत्या आणि काचेचे तुकडे चमकत होते आणि खणीच्या खालच्या बाजूला विहिरी आहेत. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, भोकाभोकांतून खाली सोडतो. खणीत काय टाकलं ते विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. मालकाने त्याच संध्याकाळी हात वर केले. ट्रॉमेल मात्र चालूच राहिला, कारण बिल चाळलेल्या टनांवर होतं. माती उताराच्या खालच्या कोपऱ्यात साचत गेली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला तेव्हा तिथे अठराशे टनांच्या वर माती उघडी पडून होती. रात्री दोन तास पाऊस झाला. सकाळी व्हाळाचं पाणी काळ्या चहासारखं होतं आणि खालच्या दोन कुणग्यांवर बोटभर जाड चिखल बसला होता. त्या शेतकऱ्यांनी नांगरणी करून ठेवली होती.

तर यादीतलं पहिलं काम: खड्डे. ढिगाच्या वेगवेगळ्या भागांत चार-पाच खड्डे घ्या, पार मूळ जमिनीपर्यंत. वरच्या वर खरवडून नमुना घेऊ नका. वर गेल्या दोन वर्षांचा कचरा असतो आणि तो सांगतो त्यापेक्षा खालचं चित्र फार वेगळं असतं. प्रत्येक खड्ड्यातला शंभर किलो माल वाळवून हाताने चाळा आणि किती माती, किती प्लास्टिक, किती दगड-विटा ते लिहून ठेवा. किती खेपा लागणार ते इथेच कळतं. आम्हीही खड्डे घेतले होते, पण तपासणीला पाठवलं फक्त प्लास्टिक, कारण कारखान्याने तेवढंच मागितलं होतं.

यंदा प्रयोगशाळेत माती आधी जाईल. तिच्यात शिसं, कॅडमियम, क्रोमियम, तांबं, जस्त किती, क्षार किती आणि न कुजलेला सेंद्रिय भाग किती, एवढं तरी मागा. हिला खत म्हणून द्यायचा मोह सगळ्यांना होतो, कारण काळी आणि भुसभुशीत दिसते. शहरी खताच्या मानकात शिसं किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. मिसळून टाकलेल्या जुन्या कचऱ्यात बॅटऱ्या, रंगाचे डबे, ट्यूबलाइट सगळंच असतं, त्यामुळे ही मर्यादा बरेचदा ओलांडली जाते. अहवाल हातात नसताना भाजीच्या मळ्यात, माडांच्या बुडाशी किंवा शेतात एक घमेलंही देऊ नका. कोणी कितीही आग्रह केला तरी नाही.

एक साधी परीक्षा जागेवरही होते. काचेच्या बाटलीत एक भाग माती, दहा भाग पाणी घाला, खूप हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी निवळून जवळजवळ स्वच्छ दिसलं तर ठीक. तपकिरी राहिलं तर समजा की पहिल्या पावसात तोच रंग व्हाळात उतरणार. आमच्या मातीची बाटली मी जूनमध्ये करून बघितली, सगळं होऊन गेल्यावर. पाण्यातून पलीकडचं बोट दिसत नव्हतं. ही परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेत नाही, धातू तिच्यात कळत नाहीत. पण सरपंचांच्या टेबलावर ती बाटली ठेवली की माती म्हणजे नुसती माती नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग ठिकाण. लेखी. जमीनमालकाची संमती, त्या गावच्या पंचायतीचा ना-हरकत दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवलेलं ठिकाण आणि तिथे किती टन मावणार याचं मोजमाप, हे सगळं पहिली बकेट लागण्याआधी फाईलमध्ये हवं. मावणार किती हे विसरू नका. ३,००० टनांसाठी १,००० टनांची जागा म्हणजे जागा नाहीच. विहीर, व्हाळ, शेत जवळ असलेली जागा नको आणि उघडी चिरेखण तर नकोच. सेंद्रिय भाग जास्त असलेली माती इमारतीच्या किंवा रस्त्याच्या भरावातही घालू नये, ती कुजत जाते आणि भराव खचतो. बरेचदा सगळ्यात बरी जागा आपल्याच आवारात निघते: रिकाम्या झालेल्या भागातला उंच, पाणी न साचणारा तुकडा, खाली चिकणमातीचा थर, वर स्वच्छ मातीचा अर्धा मीटर थर आणि गवत. मोकळी होणारी जागा थोडी कमी होते म्हणून पंचायतीला हे आवडत नाही. तरीही आधीच बोलून घ्या.

आणि ठिकाण दोन असू द्या. पहिलं अडलं तर दुसरं. दोन्ही अडली तर ट्रॉमेल बंद करायचा, असं कंत्राटात लिहून घ्या. बिल चाळलेल्या टनांवर न ठेवता जागेवर पोचून पावती मिळालेल्या टनांवर ठेवा. मग ठेकेदार स्वतःच मातीची चौकशी करायला लागेल.

आता वेळापत्रक. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ऑक्टोबरचे गडगडाटी पाऊस धरले तर नोव्हेंबरच्या आधी उकरायला घेऊ नका. मेच्या पहिल्या आठवड्यात चाळलेली उघडी माती आवारात शून्य हवी. मिरगापर्यंत वेळ आहे असं म्हणू नका. आम्ही तेच म्हणत होतो.

उकरलेला माल थेट ट्रॉमेलमध्ये घालायचा नाही. दोन-अडीच मीटर उंचीच्या रांगा लावायच्या, जिवाणूंचं द्रावण फवारायचं, आठवड्याने एकदा अशी तीन-चार वेळा उलथापालथ करायची. यात वास कमी होतो, उरलंसुरलं कुजतं, पण माझ्या दृष्टीने खरा फायदा वाळण्याचा. मूठभर माल दाबा. गोळा झाला आणि तसाच राहिला तर अजून ओला आहे, मूठ उघडताच मोकळा झाला तर चाळायला घ्या. ओल्या मालात चाळणीची भोकं बुजतात आणि माती प्लास्टिकला चिकटून वर जाते. मग कारखाना गाठोडी परत पाठवतो, कारण मातीने भरलेलं प्लास्टिक धड जळत नाही, राख तेवढी जास्त होते. उलट बाजूने ओलं, तुटकं प्लास्टिक मातीत उतरतं आणि टिप्पर पुन्हा गावात अडतात. घाईत आम्ही पहिल्या रांगा एकदाच उलटल्या होत्या. अडवलेल्या टिप्परमधली माती बघितली तेव्हा त्याचा अर्थ कळला.

चाळण्या दोन तरी हव्यात. आधी मोठी, साधारण ३५ मिलिमीटरची, मग बारीक, ६ मिलिमीटरची. मधल्या मालातून हलकं प्लास्टिक वाऱ्याच्या झोताने उडवायचं, जड खडे खाली राहतात. दर तासाला बारीक मातीचं एक घमेलं पसरून बघा. चकत्या दिसू लागल्या की जाळी फाटलीय किंवा माल ओला आहे. तिसरं कारण मी तरी पाहिलेलं नाही.

आगीची तयारी मनापासून करा. आत साचलेला वायू आणि उघडी पडलेली गरम कूस, एवढं पुरतं. मे २०१९ मध्ये मडगावच्या सोनसोड्याचा ढीग पेटला होता, तो धूर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. आवारात भरलेला टँकर, जवळ मातीचा साठा, बिडी-सिगारेट बाहेर. उभी कडा काढू नका, पायऱ्या पाडत उतरा.

बूट, हातमोजे, मास्क, धनुर्वाताचं इंजेक्शन: करा. सुया निघतात, त्यांना वेगळा डबा. सिलिंडर दिसला तर काम थांबवा.

प्लास्टिकच्या गाठोड्यांवर ताडपत्री, कारखान्याचं पत्र, ट्रकचं वजन. दगड-विटा बहुधा आवारातच रस्त्याला लागतात. काळं पाणी अडवायला खालच्या अंगाला चर आणि खड्डा, तोही उकरण्याआधी. मातीच्या साठ्याखाली प्लास्टिकचा कागद, वर ताडपत्री, रोज संध्याकाळी, ऊन असलं तरी.

तळ गाठल्यावर मूळ जांभ्यावरची काळी साय खरवडून तीही मातीच्याच हिशोबात धरा. त्यासाठी शंभरेक टनांची जागा राखून ठेवा. मग सपाटीकरण, मोजणी, फोटो, ताबा.

मातीच्या चलनांची फाईल वेगळी ठेवा. खेप, वजन, ठिकाण, घेणाऱ्याची सही. चलन नाही तर टिप्पर फाटकाबाहेर नाही.