एकही विभाजक बसत नाही? आयगेन व्हॅल्यू काढताना या चुका टाळा

नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पहिल्या वर्षाला तीन बाय तीन मॅट्रिक्स आली की पुढचा मार्ग ठरलेला असतो: कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन लिहा, स्थिर पदाचे विभाजक एकेक करून घाला, एक मूळ मिळालं की भागाकार करून वर्गसमीकरण सोडवा. गाडी अडते ती बहुतेक वेळा एकाच जागी. सगळे विभाजक घालून झाले, तरी शून्य येत नाही. अशा वेळी विभाजकांची यादी पुन्हा पुन्हा तपासण्यात अर्थ नसतो. चूक सहसा त्याआधीच, समीकरण लिहिताना झालेली असते.

ही मॅट्रिक्स घ्या:

```
४   १  −१
२   ५  −२
१   १   २
```

समीकरण λ³ − S₁λ² + S₂λ − |A| = ० असं असतं. S₁ म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, ४ + ५ + २ = ११. डिटरमिनंट ४५. S₂ म्हणजे कर्णावरच्या तीन घटकांच्या मायनरची बेरीज, आणि घात इथेच होतो. पहिल्या व तिसऱ्या ओळी-स्तंभाचा मायनर ४×२ − (−१)×१ = ९ आहे. घाईत दोन उणे चिन्हांपैकी एक सुटतं आणि ७ लिहिला जातो. मग S₂ येतो १८ + ७ + १२ = ३७. खरा आहे ३९.

या दोनच्या फरकाने काय होतं पाहा. λ³ − ११λ² + ३७λ − ४५ मध्ये १ घातल्यावर −१८, ३ घातल्यावर −६, ५ घातल्यावर −१० आणि ९ घातल्यावर १२६ येतात. १५ आणि ४५ ला उत्तर आणखी मोठं. म्हणजे एकही परिमेय मूळ नाही. S₂ मध्ये ३९ ठेवा, की ३ घातल्याबरोबर २७ − ९९ + ११७ − ४५ = ० मिळतं.

म्हणून विभाजक घालण्याआधी S₂ वेगळ्या वाटेने पडताळून घ्यावा, ही सवय सगळ्यात जास्त वेळ वाचवते. A² च्या कर्णाची बेरीज काढायला पूर्ण गुणाकार लागत नाही. कर्णावरच्या संख्यांचे वर्ग घ्या, १६ + २५ + ४ = ४५. कर्णाच्या समोरासमोरच्या जोड्यांचे गुणाकार दुप्पट करून त्यात मिळवा, २×(२ − १ − २) = −२. बेरीज ४३. आता (११² − ४३) ÷ २ = ३९. जुळलं तरच पुढे जा.

आणखी एक गोष्ट: λ³ − ११λ² + ३९λ − ४५ मध्ये चिन्हं एकाआड एक बदलतात. उणे संख्या घातली की चारही पदं उणेच होतात, त्यामुळे −१, −३, −५ करत बसू नका. बारा विभाजकांपैकी सहा आपोआप बाद होतात.

३ मिळाल्यावर सिंथेटिक डिव्हिजन करा:

```
३ |  १  −११   ३९  −४५
  |        ३  −२४   ४५
     १   −८   १५    ०
```

λ² − ८λ + १५ ची मुळं ३ आणि ५. इथे ३ दुहेरी आहे. विभाजक घालत राहणाऱ्याला ३ आणि ५ सापडतात, तिसरं मूळ काही केल्या सापडत नाही, आणि तो ते अपरिमेय असणार असं लिहून मोकळा होतो. बेरीज ११ हवी, म्हणजे तिसरं ११ − ३ − ५ = ३, एवढं पाहिलं असतं तरी पुरे होतं.

दुसरी फसवी चूक म्हणजे डिटरमिनंट सोपा करण्याच्या सवयीने आधी मॅट्रिक्सवरच ओळीची क्रिया करणं. R₂ − R₁ केल्यावर डिटरमिनंट ४५ च राहतो, विभाजकही तेच, म्हणून शंका येत नाही. पण कर्णाची बेरीज १० होते आणि समीकरण λ³ − १०λ² + ३६λ − ४५ बनतं. या उदाहरणात ३ अजूनही बसतो, पण उरतं λ² − ७λ + १५, ज्याची मुळं वास्तव नाहीत. ५ गायब. ओळींच्या क्रिया करायच्याच असतील तर |A − λI| वर करा, A वर नाही.

मॅट्रिक्समध्ये अपूर्णांक असले तर? वरच्या प्रत्येक संख्येच्या निम्मी संख्या असलेली मॅट्रिक्स घेतली, तर छेद काढल्यावर ८λ³ − ४४λ² + ७८λ − ४५ = ० येतं. त्यात फक्त ४५ चे विभाजक घातले तर हाती काहीच लागत नाही, कारण मुळं ३/२, ३/२ आणि ५/२ आहेत. पहिला सहगुणक १ नसेल तर त्याचे विभाजक छेदात घ्यावे लागतात. त्यापेक्षा मॅट्रिक्सला आधी २ ने गुणा, पूर्णांकांत सोडवा आणि शेवटी आयगेन व्हॅल्यू २ ने भागा.

सगळं जुळूनही एकही विभाजक बसला नाही, तर पूर्णांक मॅट्रिक्सला परिमेय आयगेन व्हॅल्यू खरोखरच नाही. त्रिघाती समीकरणाला परिमेय मूळ नसणं ही चूक नव्हे. अशा वेळी विभाजक सोडून न्यूटन-रॅफसनकडे वळा.