अपघात दाव्याचा निकाल हाती आला की आधी हे गणित करून पाहा

मोटार अपघात न्यायाधिकरणाचा निकाल आला की लोक शेवटचा आकडा बघतात. तसं करू नका, वहीत तो आकडा फोडून मांडा.

समजा, दादरला फुलांची गाडी लावणारा ३८ वर्षांचा माणूस गेला. कमाई महिना २०,००० रुपये धरली. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे: २८,०००. मागे बायको, दोन मुलं आणि आई, म्हणजे चार अवलंबून. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की २१,००० उरतात, वर्षाचे २,५२,०००. ३६ ते ४० वयासाठी गुणक १५, म्हणजे वर्षाच्या रकमेला १५ ने गुणायचं: ३७,८०,०००.

गुणक मृताच्या वयावरून ठरतो. अविवाहित मुलगा गेला तरी आईवडिलांचं वय लावायचं नाही; तसं लावलेलं दिसलं तर वकिलांना लगेच दाखवा.

माणसाची साथ गेली त्याची म्हणजे सहवासाची भरपाई, अंत्यविधी आणि मालमत्तेची हानी ही कलमं वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालात ती अनुक्रमे ४०,०००, १५,००० आणि १५,००० ठरली, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढीसह. सहवासाची रक्कम मुलांना आणि आईलाही मिळू शकते, ती फक्त बायकोपुरती धरलीय का बघा.

व्याजाची ओळ सावकाश वाचा. व्याज साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मिळतं. साडेसात टक्के दराने वरच्या ३७,८०,००० वर वर्षाला २,८३,५०० होतात. दावा चार वर्षं चालला आणि व्याज निकालाच्या तारखेपासून लिहिलं, तर घरच्यांचे ११,३४,००० जातात.