आप्पांचा व्हिडिओ: आधी आवाज, मग फोटो

आप्पांच्या वर्षश्राद्धाला दाखवायला व्हिडिओ केला, त्यातला पहिला प्रयत्न आख्खा फुकट गेला, म्हणून लिहितेय. ॲप कुठलं, फोटो कसे जोडायचे हे तुम्हाला येतच असेल.

माझी चूक एकच. मी आधी फोटो लावले. ८६ फोटो, प्रत्येकी ४ सेकंद, मागे आप्पांचा आवडता अभंग, आणि सगळ्यात शेवटी त्यावर बोलायला बसले. मग काय होतं, की आप्पांनी खाकी कपड्यात एसटीची पहिली ड्युटी कशी केली हे सांगायला २० सेकंद लागतात आणि तोवर पडद्यावर पाच फोटो सरकून काकाचं लग्न लागलेलं असतं. मग आपण भराभरा वाचतो, बातम्या दिल्यासारखं. वर अभंगाचे शब्द आणि माझे शब्द एकमेकांवर चढलेले. आईने बघितलं आणि म्हणाली, "तू काय बोलतेस ते कळतच नाहीये गं."

सरळ सांगते, आवाज रेकॉर्ड झाल्याशिवाय एकही फोटो लावू नका. दुसऱ्यांदा मी आजीसमोर अल्बम ठेवला आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. एका फोटोत आप्पांच्या हातात तिकिटाचा पंच आहे, त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "रात्री घरी आले तरी अंगठा हलायचा त्यांचा, खुट् खुट्." हे कुठल्याही एडिटिंगच्या कोर्समध्ये मिळणार नाही, आणि ते तयार टेम्प्लेट तर वापरूच नका, त्यात उडणारी फुलं आणि चकचकीत फ्रेम असते, माणूस दिसतच नाही.

आजीच्या बोलण्यातून साधारण ३८० शब्द लिहिले. पंखा बंद करून, कपाटाच्या उघड्या दारासमोर सावकाश वाचले तर ४ मिनिटं झाली. वाक्यांच्या मधे मोकळी जागा सोडून साडेपाच. मग त्या आवाजाखाली फोटो बसवले, ४१च पुरले. पंचाचा फोटो १२ सेकंद ठेवला, त्यात आधी आख्खे आप्पा आणि मग हळूहळू फक्त हात. उरलेले ४५ काढताना जीव तुटला, पण ते वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, कुठे गेले नाहीत. जन्मापासून क्रमाने लावायचा हट्टही सोडला. दवाखान्यातला एकही घेतला नाही, शेवटी अंगणात तुळशीला पाणी घालतानाचा ठेवला.

बोलण्याखाली फक्त बासरी, तीही अगदी बारीक. अभंग काढला नाही, बोलणं संपल्यावर तुळशीच्या फोटोपासून सुरू केला, तिथे त्याच्यावर बोलणारं कुणी नाही. आवाज हेडफोनवर ठरवू नका, टीव्हीला लावून खोलीच्या टोकाला बसून ऐका. मी आजीच्या खुर्चीत बसून ऐकलं तेव्हा बासरी अजून निम्मी करावी लागली.

रडू येऊन आवाज कापला तर पुन्हा वाचू नका. माझा "खुट् खुट्" म्हणताना कापलाय, तो तसाच आहे.