कोर्ससाठी सुट्टी तुकड्यातुकड्यात कशी घ्यायची आणि साहेबांसमोर कशी मांडायची

पार्टटाइम कोर्सचं वेळापत्रक हातात आलं की आधी तारखांचे दोन गट करा, न हलणाऱ्या आणि हलणाऱ्या. परीक्षा, व्हायवा, हजेरी सक्तीची असलेले वर्ग हे पहिल्या गटात, अभ्यासाचे दिवस दुसऱ्यात. माझं पहिल्या वेळी इथेच चुकलं, सगळंच अर्जंट म्हणून मागितलं आणि साहेबांनी नेमका परीक्षेचा दिवस कापला.

मग महिन्यागणिक शिल्लक मांडा, नुसती एकूण बेरीज फसवते. समजा जानेवारीत ६ सुट्ट्या आहेत आणि दर महिनाअखेर दीड जमा होते. जानेवारी ते एप्रिल दर महिन्याला गुरुवार-शुक्रवार असे २ दिवस वर्ग (शनिवारचा वर्ग सुट्टीतच येतो), मे मध्ये व्हायवाचा १, जूनमध्ये परीक्षेचे सोमवार ते बुधवार ३ आणि अभ्यासाचा १, म्हणजे एकूण १३. जूनपर्यंत हातात येतात साडेतेरा, म्हणजे बसतंय, पण शेवटी उरते फक्त अर्धी सुट्टी. आजारपणाची रजा वेगळी मिळत नसेल तर एका तापात जूनचं गणित कोसळतं, म्हणून कापायचाच झाला तर अभ्यासाचा दिवस कापायचा हे आधीच ठरवून ठेवा.

आणि हो, सँडविच नियम आहे का ते एचआरला विचारा, म्हणजे सुट्टीच्या मधे आलेले शनिवार-रविवारही रजेत धरतात का. धरत असतील तर अभ्यासासाठी शुक्रवार आणि लगेच सोमवारपासून परीक्षा घेतली की ४ ऐवजी ६ दिवस कापले जातात, वरचा सगळा हिशोब पाण्यात. तोच दिवस गुरुवारी घ्या आणि शुक्रवारी ऑफिसला जा, ४ च लागतात.

आता मांडायचं कसं. एका पानावर तक्ता, एका ओळीत एक ब्लॉक: तारखा, किती दिवस, कशासाठी, हलू शकते की नाही, आणि त्या दिवशी काम कोण बघणार. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका, साहेबांची नजर आधी तिथेच जाते. ज्या सहकाऱ्याचं नाव लिहिणार त्याला आधी विचारा, नाहीतर मीटिंगमध्ये तो "मला तर काही माहीत नाही" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. महिनाअखेरीला तुमच्याकडे क्लोजिंग असेल तर त्या आठवड्यातला ब्लॉक तुम्हीच आधी दाखवा, ते शोधून काढतील याची वाट बघू नका.

सहाही ब्लॉक एकदम मागा, दर महिन्याला एकेक नको, कारण चौथा ब्लॉक नाकारला गेला तर आधीचे तीन वाया. होकार तोंडी मिळाला तरी त्याच दिवशी सगळ्या तारखा सिस्टीममध्ये टाका, आणि परीक्षेची तारीख अजून पक्की नसेल तर त्या ओळीत तसं स्पष्ट लिहा, म्हणजे ती सरकली तर फक्त ती एकच ओळ बदलून परत पाठवायची.