पासबुक आणि वही जुळत नाही? फरकाच्या रकमेमागे धावू नका

पासबुक अॅपच्या स्क्रीनशॉटवर २४,४०६.३० रुपये शिल्लक दिसते, आपल्या जमाखर्चाच्या वहीत २४,६८० निघतात. फरक २७३.७० चा. अशा वेळी बहुतेक जण पासबुकात २७३.७० ची नोंद शोधू लागतात. ती सापडत नाही, मग पुन्हा वरपासून खालपर्यंत शोध सुरू होतो. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. अख्खा फरक एकाच राहिलेल्या नोंदीचा असेल, हे आपण उगीच गृहीत धरतो.

त्याआधी स्क्रीनशॉट नीट पाहा. त्यावर तारीख आणि वेळ आहे का? शिल्लक तेवढी कापून ठेवलेले चित्र या कामाला निरुपयोगी, कारण वहीची बेरीज नेमकी कुठे थांबवायची तेच त्यावरून कळत नाही. काही अॅप शेवटचे सिंक झाले तेव्हाची शिल्लक दाखवतात, म्हणून आधी ताजी माहिती ओढून घ्या. शिवाय ‘उपलब्ध शिल्लक’ आणि खात्यातली शिल्लक नेहमी सारखी नसते. बँकेने काही रक्कम रोखून ठेवली असेल तर उपलब्ध शिल्लक कमी दिसते, ओव्हरड्राफ्टची मर्यादा असेल तर जास्त. जुळवणी खात्यातल्या शिलकीशीच करायची.

आता खरा शोध. पासबुकात प्रत्येक व्यवहारासमोर त्या वेळची शिल्लक छापलेली असते, तिचा उपयोग करा. वहीतही काही ठरावीक तारखांची शिल्लक काढा आणि दोन्ही शेवटच्या कधी जुळत होत्या ते पाहा. आपल्या उदाहरणात ३० एप्रिलला दोन्हीकडे एकच आकडा आहे, म्हणजे त्याआधीची पाने उघडायचीच नाहीत. ३१ मे रोजी पासबुकात ३१,२१४ आणि वहीत ३१,६५०, म्हणजे वही ४३६ ने पुढे. १५ जूनला पासबुक २७,८९४, वही २८,१५०. फरक २५६ वर आला. २८ जूनला, म्हणजे स्क्रीनशॉटच्या दिवशी, तो २७३.७० झाला.

फरक किती आहे यापेक्षा तो कुठे आणि कितीने बदलला हे महत्त्वाचे. मे महिन्यात ४३६ वाढले. मेच्या अखेरच्या आठवड्यात ४३६ आपोआप गेले असतील तर पहिला संशय प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेच्या वार्षिक हप्त्यावर घ्यावा. पासबुकात ती नोंद सापडली, वहीत नव्हती.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फरक उलट १८० ने घटला. म्हणजे वहीत खर्च जास्त लिहिला गेला किंवा एखादी जमा राहून गेली. १८० ला ९ ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले की पडणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. भाग गेला म्हणून तीच चूक असेलच असे नाही, पण आधी तिथे पाहावे. या पंधरवड्यातले व्यवहार समोरासमोर ठेवल्यावर दिसले की १,६८० चे बिल वहीत १,८६० झाले होते. ९ ने भाग जात नसता तर फरकाच्या निम्मी रक्कम, इथे ९०, शोधून पाहिली असती. कारण जमा रक्कम चुकून खर्चात लिहिली की फरक दुप्पट पडतो.

उरले १७.७०. बदललेल्या फरकात असे पैसे दिसले की बँकेचे शुल्क आठवावे. १५ रुपये एसएमएस शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २.७०, मिळून १७.७०. जूनच्या उत्तरार्धातली ही नोंद पासबुकात होती, वहीत नव्हती. हिशेब पुरा झाला: ४३६ वजा १८० अधिक १७.७०, बरोबर २७३.७०.

एक गोष्ट मात्र चूक समजून दुरुस्त करू नका. तुम्ही चेक दिला, वहीत लिहिला, पण समोरच्याने तो अजून बँकेत भरलेला नाही. तेवढी पासबुकातली शिल्लक जास्त दिसणारच. वहीतली नोंद खोडू नका. त्यापुढे ‘वटायचा आहे’ असे लिहा आणि जुळवणीत ती रक्कम पासबुकाच्या शिलकीतून वजा करा.

आणि कंटाळून ‘किरकोळ फरक’ अशी नोंद टाकून आकडे जुळवणे तर कटाक्षाने टाळा. इथे तसे केले असते तर तिन्ही चुका त्या एका ओळीखाली गाडल्या गेल्या असत्या. त्याऐवजी ४३६ आणि १७.७० च्या नोंदी त्यांच्या खऱ्या तारखेसह लिहा, १,८६० वर एक रेघ मारून बाजूला १,६८० लिहा, आणि शिलकीखाली ‘२८ जूनपर्यंत जुळले’ अशी खूण करा. पुढच्या वेळी फरक पडला तर शोध तिथूनच सुरू करायचा. पासबुकातली एखादी वजावट कशाची आहे हेच कळत नसेल, तर ती वहीत बसवण्याआधी त्याच दिवशी बँकेला विचारा.